दिवाणाखालची चित्रं: फोटो कसे काढायचे, कुठल्या नावाने ठेवायचे

ताई, माझी मुलगी आता दुसरी संपवून तिसरीत जाईल. बालवाडीपासूनची तिची चित्रं, वर्कशीट, वह्या असं सगळं दोन मोठ्या पिशव्यांत दिवाणाखाली आहे. पावसाळ्यात सगळं सादळतं, काही कागदांना बुरशी पण आलीये. टाकवत नाही. मिस्टर म्हणतात फोटो काढ आणि रद्दीत दे. एका रात्री बसून पन्नासेक काढले, तर सगळे पिवळट, मधोमध माझीच सावली, आणि ते आता गॅलरीत गुड मॉर्निंगच्या फोटोंमध्ये कुठे गेले सापडत नाहीत. दरवर्षी नीट करायचं तर कसं करू? काय ठेवू, काय टाकू? – एक आई, चिपळूण

नमस्कार,

आधी बुरशीचं सांगते कारण ते थांबू शकत नाही. बुरशी आलेले कागद आजच बाकीच्यांपासून वेगळे करा, आणि घरात झटकू नका, बाहेर अंगणात किंवा गॅलरीत न्या, तोंडाला रुमाल बांधा. आधी सावलीत पसरून दिवसभर पूर्ण वाळू द्या, उन्हात नको कारण स्केचपेनचा रंग उन्हाने भराभर उडतो. कागद कोरडा झाला की मऊ ब्रशने हलक्या हाताने बुरशी झाडायची, ओल्या कागदावर ब्रश फिरवला तर ती आणखी आत चोळली जाते. मग फोटो काढा आणि मूळ कागद जाऊ द्या, अगदी लाडकं चित्र असेल तरच वेगळ्या पाकिटात एकटं ठेवा. एक बुरशीचा कागद चांगल्या गठ्ठ्यात परत गेला की पुढच्या जुलैत सगळा गठ्ठा तसा होतो.

आता निवडीचं. बहुतेक घरांत काय होतं, की सुंदर दिसणारी चित्रं ठेवली जातात आणि वेडीवाकडी टाकली जातात, आणि माझ्या मते हे नेमकं उलटं व्हायला पाहिजे. छापील आउटलाइनमध्ये रंग भरलेलं फुलपाखरू, टीचरनी फळ्यावर काढून दिलेला डोंगर-सूर्य-नदी, हे वर्गातल्या चाळीस मुलांचं सारखंच असतं, त्यात तुमची मुलगी फार थोडी आहे. ती दिसते ती तिने आपलं आपण कुठल्यातरी बिलाच्या मागे काढलेल्या माणसात. माणूस हा विषय धरून ठेवा, बाकी काही जमलं नाही तरी दरवर्षीची दोन-तीन माणसं ठेवाच. साधारण तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढतात तो एक मोठा गोल आणि त्या गोलातूनच निघालेले हातपाय, मधे पोट नाहीच. मग कधीतरी धड येतं, मग मान, मग बोटं, आधी पाचाच्या ऐवजी कितीही. पाच-सहाच्या पुढे कागदाच्या खाली जमिनीची रेघ येते आणि सगळे त्या रेघेवर उभे राहतात, वर निळा पट्टा म्हणजे आकाश, मधे रिकामं. त्याच सुमाराला घराची भिंत काढून पण आतली माणसं, पंखा, गॅस सगळं दिसतं अशी चित्रं येतात, म्हणजे जे दिसतं ते नाही तर जे तिला माहीत आहे ते काढलेलं. आठ-नऊच्या पुढे हे हळूहळू बंद होतं कारण मूल "बरोबर" काढायला लागतं. तुमची मुलगी सात वर्षांची म्हणजे ही चित्रं आत्ता चालू असतील, आणि ती पुन्हा येणार नाहीत. बालवाडीतला गोलातून हातपाय आलेला माणूस, पहिलीतला रेघेवर उभा माणूस आणि दुसरीतला बोटं मोजून काढलेला माणूस शेजारी शेजारी ठेवले की जे दिसतं ते एकेकट्या चित्रात दिसत नाही.

वह्यांचंही तसंच. अख्खी वही ठेवायची गरज नाही आणि प्रत्येक पानाचा फोटो तर अजिबातच नको, तो कोणी परत बघत नाही. एका वहीतून तीन पानं: जूनमधलं एक, दिवाळीच्या आसपासचं एक, मार्चमधलं एक, आणि शक्यतो एकाच प्रकारचं काम असलेलं, म्हणजे शुद्धलेखन तर तिन्ही शुद्धलेखनच. चुका असलेलं पान मुद्दाम घ्या, उलटा काढलेला ळ किंवा रेघ सोडून आभाळात गेलेली वेलांटी. निबंध मात्र सगळे घ्या, "माझी आई" आणि "पावसाळ्यातला एक दिवस" सुद्धा, कारण पाठ केलेल्या वाक्यांच्या मधे एखादं वाक्य तिचं स्वतःचं निसटून आलेलं असतंच. चाचणीचे पेपर नकोत. प्रगतीपुस्तक ठेवायचं, पण त्याचं पुढे सांगते.

असं केलं की दीडशे-दोनशे कागदांतून तीसेक चित्रं आणि तीसेक वहीची पानं राहतात, एका वर्षाला तेवढं पुष्कळ आहे. निवडताना मुलीला बरोबर घ्या पण अख्खा गठ्ठा तिच्यापुढे ओतू नका, तिला प्रत्येकच कागद हवा असतो. आधी तुम्ही अर्धा करा आणि मग तिला विचारा, यातली कुठली दहा तुझी. ती जी उचलेल ती तुम्हाला आश्चर्य वाटेल अशी असतील, त्यांना काटू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय, आणि ती फोटोची नाहीच, पेन्सिलची आहे. चित्र ज्या दिवशी घरी येतं किंवा घरी काढलं जातं त्याच दिवशी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने तारीख आणि ती त्या चित्राबद्दल जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहायचं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. "हे काय आहे?" असं विचारलं तर मुलं एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होतात, "यातलं सांग ना मला" म्हटलं की गोष्ट येते. माझ्याकडे शाळेत एका मुलाने आजी काढली होती, पोटाच्या जागी तपकिरी चौकोन, आणि तो म्हणाला हा तिने प्यायलेला चहा आहे. हे मागे लिहिलेलं नसेल तर सहा महिन्यांनी तो फक्त एक तपकिरी चौकोन आहे, त्यालाही आठवत नाही. आणि मग फोटो काढताना पुढची बाजू आणि मागची बाजू असे दोन फोटो काढायचे. एवढं केलं की कॅप्शन कुठे लिहायचं, कुठल्या ॲपमध्ये लिहायचं, ते ॲप बंद पडलं तर काय, हे सगळे प्रश्नच संपतात कारण नोंद फोटोतच आहे.

फोटो एकदम काढायचे ते वर्षातून एकदाच, शाळा सुटली की एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात. तुमच्याकडे जूननंतर कागद सादळून वर वळतात, त्यामुळे पावसाच्या आधीच उरकायला हवं. आदल्या रात्री निवडलेला गठ्ठा जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा म्हणजे कोपरे बसतात. वर काच ठेवून सपाट करायच्या भानगडीत पडू नका, काचेत खिडकी आणि तुमचा हात दोन्ही दिसतात.

पिवळटपणा आणि सावली ही दोन्ही दुखणी रात्री दिव्याखाली काढल्यामुळे आहेत. दिवा डोक्याच्या वर किंवा मागे असतो आणि तुम्ही कागदावर वाकता, म्हणजे सावली पडणारच. सकाळी नऊ-दहाला, थेट ऊन येत नाही अशा खिडकीजवळ जमिनीवर बसा, खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला पाहिजे, पाठीमागे नको. खोलीतले दिवे सगळे बंद, कारण खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की फोन गोंधळतो आणि कागदाचा अर्धा भाग निळसर, अर्धा पिवळसर येतो. केशरी पडदा असेल तर तो बाजूला करा आणि अंगात भडक लाल काही घालू नका, पांढऱ्या कागदावर तोही रंग चढतो, खरंच चढतो. पंखा बंद, हे सांगायला नको. खाली एकरंगी गडद चादर, म्हणजे कागदाची कड स्पष्ट दिसते आणि नंतर कापायला सोपं जातं. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल किंवा कोरा कार्डशीट उभा केला की त्या बाजूचा काळोख कमी होतो, दोन्हीकडे सारखा उजेड येतो. फ्लॅश कधीच नाही, तेलकट खडूंवर त्याचा पांढरा डाग पडतो.

फोन कागदाला समांतर धरायचा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा आणि कागदाच्या कडा त्या रेघांशी जुळतात का बघा, वरची कड अरुंद आणि खालची रुंद दिसली म्हणजे फोन कललाय. फार जवळ जाऊ नका, जवळून सरळ कडा फुगलेल्या दिसतात, थोडं वरून घ्या आणि नंतर कडेने कापा. 0.5 वाली लेन्स तर नकोच. मग स्क्रीनवर कागदावर बोट ठेवा, उजेडाची पट्टी येते ती किंचित वर सरकवा. हे करायचं कारण असं की फोनला समोर नुसता पांढरा कागद दिसला की तो उजेड फार आहे असं समजून फोटो काळपट करतो, म्हणून पांढरा कागद राखाडी येतो. पण किती वाढवायचं ते पिवळ्या खडूवरून ठरवा, उजेड जास्त झाला की सगळ्यात आधी पिवळा रंग नाहीसा होतो. सूर्याच्या किरणांचा पिवळा दिसतोय आणि कागद पांढरा वाटतोय, तिथे थांबायचं.

नुसत्या पेन्सिलीचं चित्र चमकतं, तेव्हा कागद थोडा फिरवा आणि चमक जाईल तिथे फोटो घ्या. उलट भेंडीचे ठसे, कापसाचे ढग, डाळी-कडधान्यं चिकटवलेलं कोलाज, यांना एका बाजूचा उजेडच हवा, तेव्हा थर्माकोल काढून टाका म्हणजे प्रत्येक दाण्याची छोटी सावली पडते आणि तो उठून दिसतो. आणि हे कोलाज फोटो झाल्यावर ठेवू नका, कितीही आवडतं असलं तरी, डाळीतले किडे बाकीच्या कागदांपर्यंत येतात.

स्कॅन करणारी ॲप्स वहीच्या पानांना छान आहेत पण चित्रांना सांभाळून. ती कागद पांढराशुभ्र करायच्या नादात फिकट पेन्सिल आणि हलका खडू पुसून टाकतात, ढग जातात, चेहऱ्याचा रंग जातो. वापरायचीच तर फिल्टर काढून मूळ रंग ठेवा. साधा 12 मेगापिक्सेलचा फोन ए-फोर आकाराच्या चित्राला पुरेसा आहे, त्यातून त्याच आकाराची चांगली प्रिंट परत निघते. मोठ्या चार्टपेपरचा एक पूर्ण फोटो आणि बारीक काम असेल तिथले दोन जवळून, एवढं पुरे. मातीचा गणपती, आकाशकंदील वगैरे असेल तर तिच्या हातात देऊन काढा, आकार किती होता ते कळतं.

आता हरवण्याचं. फोनच्या गॅलरीत हे फोटो राहिले की तारीख लागते ती फोटो काढल्याची, म्हणजे वर्षभराची सगळी चित्रं मे महिन्यातल्या एका सकाळची दिसतात. त्यामुळे चित्राची तारीख फाइलच्या नावातच घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे कुठल्याही फोनवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर ती आपोआप क्रमाने लागतात. फोल्डर शैक्षणिक वर्षाचा करा, जून ते एप्रिल, कारण आपल्याला मुलांची वर्षं तशीच आठवतात, "पहिलीत होती तेव्हा". असं काहीतरी:

```
2024-25_2ri/
  2024-08-15_zenda_a.jpg
  2024-08-15_zenda_b.jpg
  2024-11-00_killa_a.jpg
  2024-11-00_killa_b.jpg
  2025-03-10_vahi-marathi.jpg
```

यात a म्हणजे पुढची बाजू, b म्हणजे मागची. किल्ल्याच्या चित्राची नेमकी तारीख माहीत नाही पण दिवाळीच्या सुट्टीतलं आहे एवढं माहीत आहे, तर दिवसाच्या जागी 00. नावं इंग्रजी अक्षरांत का, तर मराठी नावंही चालतात पण कुठे मराठी आकडे कुठे इंग्रजी असं झालं की क्रम बिघडतो, म्हणून निदान आकडे तरी एकाच लिपीत हवेत. हे काम फोनवर कंटाळवाणं होतं, कॉम्प्युटरवर अर्ध्या-पाऊण तासात होतं. गूगल फोटोजमध्ये तारीख बदलता येते, खाली ओळही लिहिता येते, पण तिथून सगळं एकदम टेकआउट या गूगलच्याच सोयीने उतरवलं तर ती बदललेली तारीख आणि ती ओळ फोटोत नाही, शेजारच्या वेगळ्या छोट्या फाइलींमध्ये येते आणि बहुतेकांना त्या फाइलींचं काय करायचं हेच कळत नाही. नाव आणि मागच्या बाजूचा फोटो मात्र कुठेही गेलात तरी बरोबर येतात.

फोटो कॉम्प्युटरवर न्यायचे ते केबलने, किंवा गूगल ड्राइव्हवर टाकून. व्हॉट्सअॅपने स्वतःलाच पाठवायची सवय असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो बारीक होऊन येतो आणि खडूचा पोत निघून जातो.

कॉपी किमान तीन हव्यात आणि त्यातली एक घराबाहेर. तुम्ही चिपळूणच्या, 2021 च्या जुलैतला पूर तुम्हाला मी सांगायला नको, घरातलं कपाट आणि घरातला कॉम्प्युटर एकाच पाण्यात जातात. म्हणून एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि जमलं तर हार्ड डिस्क पुण्या-मुंबईच्या भावाबहिणीकडे. पेनड्राइव्हवर विसंबू नका, वर्षानुवर्षं पडून राहिलेला पेनड्राइव्ह उघडेलच असं नाही. जागेची काळजी नको, तीस चित्रांचे दोन्ही बाजूंचे साठ फोटो आणि तीस पानं म्हणजे नव्वद फोटो, प्रत्येकी चार एमबी धरले तरी वर्षाला 360 एमबी, दहावीपर्यंतचं सगळं गूगलच्या फुकटच्या 15 जीबीत बसतं, फक्त ती जागा आधीच बाकीच्या फोटोंनी भरलेली नसली पाहिजे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण हल्ली पुष्कळ आईबाप हे करतात, मुलाच्या नावाने वेगळं जीमेल काढायचं आणि मोठेपणी देऊ म्हणून सगळं त्यात टाकत राहायचं. कल्पना गोड आहे, पण दोन वर्षं कोणी न उघडलेलं वैयक्तिक अकाउंट गूगल त्यातल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं, 2023 पासून हा नियम आहे. तुम्ही रोज वापरता त्या अकाउंटमध्येच ठेवा आणि पासवर्ड मिस्टरांनाही माहीत असू द्या.

प्रगतीपुस्तकाचा फोटो काढा पण वेगळ्या फोल्डरमध्ये, कुटुंबाच्या ग्रुपवर किंवा लिंकने शेअर केलेल्या अल्बममध्ये तो जाता कामा नये, त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा, कधी कधी आधारचा नंबरही असतो.

मूळ कागद दरवर्षी दहा-बारा ठेवा, जास्त नको. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही आणि त्याच्या गरम रोलरमध्ये मेणाचे खडू वितळून पसरतात. टाचण्या, स्टेपलच्या पिना काढून टाका, तुमच्या हवेत त्या दोन पावसाळ्यांत गंजून कागदाला भोक पाडतात. सेलोटेपही लावू नका, त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. चित्रांमध्ये वर्तमानपत्राचं पान घालायची आपली जुनी सवय आहे, त्या कागदात आम्ल असतं आणि ते शेजारच्या कागदाला पिवळं करतं, त्याऐवजी कोरा पांढरा कागद घाला. पोस्टर कलरची चित्रं गुंडाळून ठेवू नका, रंग तडकतो, आडवीच ठेवा. मे महिन्यात पूर्ण कोरडं असताना पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये भरायचं, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या, आणि फाइल लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात. दिवाणाखाली नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको, माळ्यावरही नको, तिथे मे महिन्यात कागद भाजून निघतो.

बालवाडी आणि पहिलीच्या कागदांवर तारखा नसतील, त्याचंही होतं. आधी नाव बघा, तिने नाव कसं लिहिलंय किंवा लिहिलंच नाहीये यावरून वर्ष बऱ्यापैकी कळतं, मग माणसं बघा, धड आहे की नाही, रेघ आहे की नाही, आणि वर्कशीटवर टीचरची सही असेल तर तीवरून वर्ग. जे ठरवता येईल ते "अंदाजे पहिली" असं मागे लिहा, आणि आजची तारीख वेगळी लिहा म्हणजे नोंद नंतर केलीये हे कळेल. मुलीला विचारा, पण तिला जे आठवतं ते ती आता रचून सांगत असेल तर तेही "आता म्हणाली" असं लिहून ठेवा.

हे जुनं सगळं एका मे महिन्यात संपवायचा हट्ट धरू नका. या वर्षी दुसरी पूर्ण करा, कारण तिच्या तारखा अजून लक्षात आहेत, आणि जुन्यातलं फक्त बुरशीचं आणि स्केचपेनचं, कारण ती दोन आधी जातात. उरलेली पिशवी कोरडी करून वरच्या खणात राहू दे पुढच्या वर्षापर्यंत. आणि रद्दीवाल्याला काहीही द्यायच्या आधी दुसऱ्या कॉपीतून, म्हणजे फोनवरून नाही तर हार्ड डिस्कवरून, चार-पाच फोटो उघडून मोठे करून बघा, मागची पेन्सिलीची ओळ वाचता येतेय का. वाचता आली तरच पिशवी दारात ठेवा.